सर्वेक्षणातील उत्तरांचा तक्ता

प्रस्तावना

संस्थेच्या कामकाजाविषयी सभासदांचे मत जाणून घ्यायचे असेल, तर प्रश्नावली छापून ती भरून घेणे हा सर्वपरिचित मार्ग आहे. प्रपत्रे परत आली की ती एखाद्या गठ्ठ्यात बांधली जातात आणि समितीच्या पुढील बैठकीसाठी त्यांचा गोषवारा तयार करण्याचे काम कोणातरी एका सभासदाकडे येते. समिती मूळ प्रपत्रे सहसा चाळत नाही. ती तक्ता पाहते आणि त्यावरून निर्णय घेते. म्हणून तक्त्यात जे नीट उतरले नाही, ते निर्णयापर्यंत पोहोचतच नाही.

या पाठात एका वाचनालयाचे उदाहरण घेतले आहे. इंदूर शहरात मराठी भाषकांची वस्ती पूर्वापार आहे. तेथील एका मराठी वाचनालयाची कल्पना करा. वाचनालय दुपारी ४ ते ७ या वेळेत उघडे असते. वेळ बदलावी की नाही, यावर कार्यकारी मंडळात मतभेद झाले आणि सभासदांची मते घेऊन अहवाल देण्यासाठी तिघांची उपसमिती नेमण्यात आली. उदाहरणातील सर्व आकडे अभ्यासासाठी योजलेले आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण
– एक पर्याय निवडण्याचा प्रश्न आणि अनेक पर्याय निवडण्याचा प्रश्न यांचे तक्ते निरनिराळ्या रीतीने तयार करू शकाल;
– श्रेणी देण्याच्या प्रश्नाची उत्तरे सरासरीत न हरवता मांडू शकाल;
– प्रत्येक तक्त्याखाली त्याची आधारसंख्या लिहू शकाल.

मूळ पाठ

प्रपत्रांची मोजदाद

उपसमितीने ८० प्रपत्रे वाटली. त्यांपैकी ५३ भरून परत आली. काम सुरू करताना प्रत्येक प्रपत्राच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने अनुक्रमांक घालण्यात आला. हे काम क्षुल्लक वाटते; परंतु पुढे एखादा आकडा जुळेनासा झाला, तर नेमके कोणते प्रपत्र पुन्हा पाहायचे हे याच क्रमांकावरून कळते. क्रमांक घालताना असे आढळले, की दोन प्रपत्रांवर नावाखेरीज काहीच लिहिलेले नाही आणि एका सभासदाने दोन प्रपत्रे भरली आहेत. दोन कोरी प्रपत्रे आणि एक दुबार प्रपत्र अशी तीन प्रपत्रे बाजूला ठेवली. हिशोबात ५० प्रपत्रे उरली.

यापुढील प्रत्येक प्रश्नाची बेरीज ५० यायला हवी. कोणी उत्तर दिले नसेल, कोणी चुकीच्या रीतीने दिले असेल, तरी ते प्रपत्र कोणत्या ना कोणत्या ओळीत मोजले गेलेच पाहिजे. बेरीज ४९ आली तर एक प्रपत्र सुटले आहे आणि ५१ आली तर एक दोनदा मोजले आहे, असे समजावे. दोघांनी मिळून काम केल्यास ही चूक टळते. एकाने प्रपत्र वाचून उत्तर मोठ्याने सांगावे आणि दुसऱ्याने कच्च्या कागदावर त्या पर्यायापुढे ताळ्याची खूण करावी. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्यांवर आडवी ओढावी, म्हणजे पाचापाचांचे गट मोजणे सोपे जाते. सर्व प्रपत्रे संपल्यावर कामांची अदलाबदल करून मोजणी पुन्हा करावी. दोन्ही मोजण्या जुळल्यावरच आकडे पक्क्या तक्त्यात उतरवावेत.

एकच पर्याय निवडण्याचा प्रश्न

प्रश्नावलीतील पहिला प्रश्न असा होता: 'आपल्याला वाचनालयाची कोणती वेळ सर्वांत सोयीची आहे? एकाच पर्यायावर खूण करा.' सूचना स्पष्ट होती, तरीही दोन सभासदांनी दोन-दोन पर्यायांवर खुणा केल्या आणि एकाने प्रश्न रिकामा सोडला.

दोन खुणा करणाऱ्यांपैकी एक सभासद नोकरी करणारे आहेत, हे उपसमितीला ठाऊक होते. त्यांना संध्याकाळच हवी असणार, असे म्हणून त्यांची खूण त्या ओळीत धरावी, असा मोह होणे स्वाभाविक आहे. तसे करू नये. तक्ता करणाऱ्याने उत्तरदात्याच्या वतीने उत्तर दिले, तर ते उत्तर सभासदाचे राहत नाही. अशा उत्तरांना वेगळी ओळ द्यावी.

तक्ता १ : सभासदांना सर्वांत सोयीची वाटणारी वेळ

| वेळ | सभासद | शेकडा प्रमाण |
|---|---|---|
| दुपारी ४ ते ७ (सध्याची) | २० | ४३ |
| सायंकाळी ७ ते ९ | १८ | ३८ |
| सकाळी ८ ते ११ | ९ | १९ |
| ग्राह्य उत्तरे | ४७ | १०० |
| एकाहून अधिक खुणा | २ | – |
| उत्तर नाही | १ | – |
| एकूण प्रपत्रे | ५० | – |

आधारसंख्या : ४७ ग्राह्य उत्तरे.

शेकडा प्रमाण काढताना ज्या संख्येने भागले जाते तिला येथे आधारसंख्या म्हटले आहे. तक्ता १ मध्ये २० ला ४७ ने भागून ४३ टक्के आले आहेत. ५० ने भागले असते तर ४० टक्के आले असते. दोन्ही आकडे गणिताच्या दृष्टीने बरोबर आहेत. मात्र पहिला 'उत्तर देणाऱ्यांपैकी' सांगतो आणि दुसरा 'प्रपत्र भरणाऱ्या सर्वांपैकी' सांगतो. कोणता घ्यावा हे समितीने ठरवावे. पण कोणता घेतला आहे हे तक्त्याखाली लिहिलेले असलेच पाहिजे. उत्तर न देणाऱ्यांची ओळही गाळू नये. भारताच्या जनगणनेतील वयानुसार केलेल्या तक्त्यांतही ज्यांचे वय नोंदले गेले नाही त्यांच्यासाठी वेगळी ओळ राखलेली असते.

शेकडा प्रमाण येथे पूर्णांकात दिले आहे. ४२.५५ असे लिहिल्याने मोजणी अधिक अचूक झाल्याचा भास होतो, एवढेच. सत्तेचाळीस माणसांत एक माणूस म्हणजे दोन टक्क्यांहून अधिक. एका सभासदाने मत बदलले तर जो आकडा दोनाने हलतो, त्याची दोन दशांश स्थळे कशाला लिहायची?

अनेक पर्याय निवडण्याचा प्रश्न

दुसरा प्रश्न दिसायला पहिल्यासारखाच होता: 'वाचनालयात कोणत्या प्रकारचे साहित्य वाढवावे? हवे तितके पर्याय निवडा.' येथे एक सभासद एक खूण करील, दुसरा चार करील. ४८ सभासदांनी उत्तरे दिली आणि त्यांच्या खुणा झाल्या ९३. माणसे ४८ आणि खुणा ९३. अशा प्रश्नाचा तक्ता बिघडतो तो याच ठिकाणी.

कथा-कादंबरी या पर्यायावर ३० खुणा होत्या. उपसमितीतील एका सदस्याने सवयीने सर्व खुणांची बेरीज केली आणि ३० ला ९३ ने भागले. उत्तर आले ३२ टक्के. 'जेमतेम एक तृतीयांश सभासदांना कथा-कादंबऱ्या हव्यात' असे वाक्य कच्च्या अहवालात लिहिलेही गेले. वस्तुतः ४८ पैकी ३० सभासदांनी, म्हणजे ६३ टक्के लोकांनी, त्यावर खूण केली होती. खुणांपैकी किती आणि माणसांपैकी किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुस्तके कोणासाठी घ्यायची हे ठरवताना समितीला माणसे मोजायची असतात.

तक्ता २ : कोणत्या प्रकारचे साहित्य वाढवावे

| साहित्यप्रकार | सभासद | शेकडा प्रमाण |
|---|---|---|
| कथा-कादंबरी | ३० | ६३ |
| मासिके व दिवाळी अंक | २४ | ५० |
| स्पर्धा परीक्षांची पुस्तके | २१ | ४४ |
| बालसाहित्य | १२ | २५ |
| इतर | ६ | १३ |

आधारसंख्या : ४८ उत्तरदाते, २ जणांनी उत्तर दिले नाही. एका सभासदास अनेक पर्याय निवडता येत असल्याने शेकडा प्रमाणांची बेरीज १०० पेक्षा अधिक आहे.

या तक्त्याखाली बेरजेची ओळ नाही, हे लक्षात घ्यावे. १९५ टक्के ही बेरीज निरर्थक आहे. ती लिहिली तर बैठकीत कोणीतरी तेवढ्यावरच बोट ठेवते आणि चर्चा भलतीकडे जाते. बेरजेऐवजी वरील टीप पुरेशी आहे. ओळी उतरत्या क्रमाने लावाव्यात, म्हणजे सर्वांत मोठी मागणी प्रथम दिसते. 'इतर' मात्र संख्येने कितीही असो, शेवटी ठेवावे.

'इतर' या ओळीकडे थोडे अधिक लक्ष द्यावे लागते. मोजणीच्या वेळी तेथे सात खुणा होत्या. पुढील रिकाम्या जागेत तिघांनी आरोग्यविषयक पुस्तके, दोघांनी पाककृती, एकाने प्रवासवर्णने आणि एकाने 'ऐतिहासिक कादंबऱ्या' असे लिहिले होते. ऐतिहासिक कादंबरी ही कादंबरीच. त्या सभासदाने पहिल्या पर्यायावर खूण केलेली नव्हती, म्हणून त्याचे उत्तर 'इतर' मधून काढून कथा-कादंबरीत घेतले. तेथील २९ चे ३० झाले आणि 'इतर' मध्ये ६ उरले. त्याने दोन्हीकडे खूण केली असती, तर 'इतर' मधील खूण केवळ वगळावी लागली असती. नाहीतर एक माणूस एकाच मागणीसाठी दोनदा मोजला गेला असता. असा बदल केल्यास कच्च्या कागदावर प्रपत्राच्या अनुक्रमांकासह नोंद ठेवावी.

येथे वाचकाच्या मनात शंका येईल: हे उत्तर हलवणे चालते, मग पहिल्या प्रश्नातील दोन खुणांपैकी एक निवडणे का चालत नाही? येथे सभासदाने आपले मत शब्दांत लिहून दिले आहे. तक्ता करणाऱ्याने फक्त त्याची योग्य जागा शोधली. तेथे मत लिहिलेलेच नव्हते, ते तर्काने भरावे लागले असते.

पाठगत प्रश्न १

(अ) एका सर्वेक्षणात ६० प्रपत्रे हिशोबात घेतली. एकपर्यायी प्रश्नाला ५१ जणांनी ग्राह्य उत्तर दिले आणि चौघांनी दोन खुणा केल्या. 'उत्तर नाही' या ओळीत कोणता आकडा येईल?
(आ) अनेक पर्याय निवडण्याच्या प्रश्नाला ४० जणांनी उत्तरे दिली. त्यांच्या एकूण खुणा १०० झाल्या. एका पर्यायावर २० खुणा होत्या. तो पर्याय किती टक्के सभासदांनी निवडला?

श्रेणी देण्याचा प्रश्न

तिसरा प्रश्न वादाच्या मुळाशी होता: 'सध्याची वेळ आपल्याला कितपत सोयीची आहे?' उत्तर १ ते ५ या श्रेणीत द्यायचे होते. १ म्हणजे 'फार गैरसोयीची' आणि ५ म्हणजे 'फार सोयीची'. शेजारी 'सांगता येत नाही' असाही एक चौकोन होता. मत पाच पायऱ्यांवर मांडण्याची ही पद्धत आज सर्वत्र दिसते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखामुळे ती रूढ झाली आणि तिला त्यांचेच नाव मिळाले.

४५ सभासदांनी श्रेणी दिली. त्या सर्व श्रेणींची बेरीज १४० झाली. १४० भागिले ४५ म्हणजे ३.१. कच्च्या अहवालात एक ओळ आली: 'सध्याच्या वेळेबाबत सभासदांचे मत मध्यम असून सरासरी श्रेणी ३.१ आहे.' उपसमितीच्या बैठकीत कार्यवाहांनी ही ओळ वाचून दाखवली, तेव्हा एक ज्येष्ठ सदस्या म्हणाल्या, "अहो, पण तीन नेमके दिले कोणी?" कच्चा कागद पुन्हा उघडण्यात आला.

तक्ता ३ : सध्याची वेळ कितपत सोयीची आहे

| श्रेणी | सभासद | शेकडा प्रमाण |
|---|---|---|
| १ – फार गैरसोयीची | १४ | ३१ |
| २ – गैरसोयीची | ५ | ११ |
| ३ – मध्यम | ४ | ९ |
| ४ – सोयीची | ६ | १३ |
| ५ – फार सोयीची | १६ | ३६ |
| श्रेणी देणारे | ४५ | १०० |
| सांगता येत नाही | ३ | – |
| उत्तर नाही | २ | – |
| एकूण प्रपत्रे | ५० | – |

आधारसंख्या : श्रेणी देणारे ४५ सभासद.

तीन ही श्रेणी अवघ्या चौघांनी दिली होती. ज्या मताला 'सभासदांचे मत' म्हटले गेले, ते मत असणारी माणसे सर्वांत कमी होती. १९ जणांना सध्याची वेळ गैरसोयीची आहे आणि २२ जणांना ती सोयीची आहे. हे मध्यम मत नव्हे. येथे दोन तट आहेत. सरासरीने दोन्ही तटांना एकमेकांत मिसळून दोघांनाही अदृश्य केले.

सरासरी फसवी ठरली की अनेकजण मध्यक घेण्याचा सल्ला देतात. सर्व श्रेणी चढत्या क्रमाने लावल्या की मधोमध येणारी श्रेणी म्हणजे मध्यक. ४५ उत्तरांत तेविसावे उत्तर मधले. एक श्रेणीची १४ आणि दोनची ५ मिळून १९ उत्तरे होतात. त्यांत तीनची ४ मिळवली की तेविसावे उत्तर येते, आणि ते ३ आहे. म्हणजे मध्यकही तेच सांगतो. मते जेव्हा दोन टोकांना जमलेली असतात, तेव्हा मधला एकच आकडा कोणत्याही रीतीने काढला तरी तो रिकाम्या जागेवर पडतो. म्हणून श्रेणीच्या प्रश्नात पाचही ओळी तक्त्यात द्याव्यात. सरासरी द्यायचीच असेल तर ती तक्त्याखाली टीप म्हणून द्यावी; तक्त्याच्या जागी देऊ नये.

सरासरीविषयी आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. श्रेणीचे अंक हे खरे पाहता क्रम दाखवतात. दोन हे एकाहून बरे आणि पाच हे चाराहून बरे, एवढेच ते सांगतात. एक आणि दोन यांतील अंतर चार आणि पाच यांतील अंतराइतकेच आहे, असे कोणत्याही सभासदाने म्हटलेले नसते. बेरीज-भागाकार करताना मात्र आपण ते गृहीत धरतो. व्यवहारात सरासरी काढली जाते आणि अनेकदा ती उपयोगीही पडते, परंतु ३.१ आणि ३.३ यांची तुलना करून 'सुधारणा झाली' असे लिहिणे धाडसाचे आहे.

तक्ता आटोपशीर करण्यासाठी श्रेणी एकत्र करता येतात. १ व २ मिळून 'गैरसोयीची', ४ व ५ मिळून 'सोयीची'. असे केल्यास तीनची ओळ स्वतंत्र राहू द्यावी. ती एखाद्या बाजूला ढकलली की त्या बाजूचे बहुमत वाढल्यासारखे दिसते. तसेच या तक्त्यातील ओळी संख्येच्या उतरत्या क्रमाने लावू नयेत. तक्ता २ मध्ये जो नियम योग्य होता तो येथे अयोग्य ठरतो, कारण १ ते ५ हा क्रम उत्तरातच दडलेला आहे.

'सांगता येत नाही' म्हणजे तीन नव्हे

ज्या तिघांनी 'सांगता येत नाही' असे म्हटले, त्यांतील दोघे नवे सभासद होते. त्यांना वेळेचा अनुभवच नव्हता. तीन श्रेणी देणारा सभासद 'वेळ ठीकठाक आहे' असे मत देतो. 'सांगता येत नाही' म्हणणारा मत देण्याचे नाकारतो. आणि प्रश्न कोरा सोडणाऱ्याने तर काहीच सांगितलेले नाही. या तिघांना एका ओळीत बसवू नये आणि पहिला सोडून बाकी दोघांना सरासरीत घेऊ नये.

हाताने मोजताना ही चूक क्वचित होते. संगणकावर ती नकळत होते. गणनपत्रकात माहिती भरताना एका प्रपत्राला एक ओळ आणि एका प्रश्नाला एक स्तंभ द्यावा. अनेक पर्यायांच्या प्रश्नाला मात्र प्रत्येक पर्यायासाठी वेगळा स्तंभ लागतो. समजा, तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे H या स्तंभात, दुसऱ्या ओळीपासून एक्कावन्नाव्या ओळीपर्यंत भरली आहेत. 'सांगता येत नाही' साठी 'न' हे अक्षर लिहिले आहे आणि कोरी उत्तरे रिकामीच ठेवली आहेत. मग मोजणीसाठी पुढील सूत्रे पुरतात:

```
=COUNTIF(H2:H51,1)
=COUNTIF(H2:H51,"न")
=COUNTBLANK(H2:H51)
=AVERAGE(H2:H51)
```

पहिले सूत्र एक श्रेणी देणारे किती ते सांगते. त्यातील शेवटचा अंक बदलून २, ३, ४, ५ यांची मोजणी मिळते. दुसरे सूत्र 'न' मोजते आणि तिसरे रिकामी घरे मोजते. या सर्वांची बेरीज ५० आली की मोजणी जुळली. चौथे सूत्र सरासरी देते आणि ती देताना रिकामी घरे व अक्षरे सोडून देते. अनेक कार्यालयांत 'सांगता येत नाही' साठी ९ हा अंक लिहिण्याची पद्धत आहे. तसे केल्यास गणनपत्रक त्या नवांनाही श्रेणी समजते. आपल्या उदाहरणात बेरीज १४० ऐवजी १६७ होईल, भाजक ४८ होईल आणि सरासरी ३.१ ऐवजी ३.५ येईल. ज्यांनी मत दिलेच नाही, त्यांनी वेळेला पसंती दिल्यासारखे दिसेल. पाचाच्या श्रेणीत नऊ शिरला आहे की नाही, हे सरासरीकडे पाहून कळत नाही. मोजणीची बेरीज केली तरच कळते.

दोन तट कोणते

तक्ता ३ पाहिल्यावर समितीचा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: गैरसोय कोणाची होते? प्रपत्राच्या आरंभी व्यवसाय विचारलेला होता. तेव्हा तीच ४५ उत्तरे दोन गटांत विभागून पाहता आली.

तक्ता ४ : व्यवसायानुसार वेळेची सोय (सभासदांची संख्या)

| गट | गैरसोयीची (१, २) | मध्यम (३) | सोयीची (४, ५) | एकूण |
|---|---|---|---|---|
| नोकरी-व्यवसाय करणारे | १६ | २ | ४ | २२ |
| निवृत्त, गृहिणी, विद्यार्थी | ३ | २ | १८ | २३ |
| एकूण | १९ | ४ | २२ | ४५ |

आधारसंख्या : श्रेणी देणारे ४५ सभासद.

या तक्त्याची तपासणी दोन्ही दिशांनी करावी. आडव्या बेरजा २२ आणि २३ येतात, उभ्या बेरजा १९, ४ आणि २२ येतात आणि त्या तक्ता ३ शी जुळतात. येथे शेकडा प्रमाण मुद्दामच दिलेले नाही. गट वीस-बावीस जणांचे असताना '२२ पैकी १६' हे '७३ टक्के' पेक्षा अधिक स्पष्ट आणि अधिक प्रामाणिक वाटते.

व्यवसायाखेरीज वय, राहण्याचे ठिकाण, सभासदत्वाची वर्षे असे आणखी किती तरी विभाग करता येतील. ते सर्व करू नयेत. पन्नास प्रपत्रांचे सहा-सात तुकडे केले की प्रत्येक घरात दोन-तीन माणसे उरतात आणि त्यांची उत्तरे कोणाची हे सभासद सहज ओळखतात. लहान संस्थेत ही गोष्ट नाजूक ठरते.

तक्त्याच्या बाहेर राहिलेली माणसे

अहवाल पुरा होण्यापूर्वी उपसमितीला आणखी एक बाब नोंदवावी लागली. ८० पैकी ६० प्रपत्रे वाचनालयातच, ४ ते ७ या वेळेत, ग्रंथपालांच्या मेजावरून देण्यात आली होती. केवळ २० प्रपत्रे घरी पाठवली होती. ज्यांना ही वेळ मुळीच जमत नाही, ते त्या वेळेत मेजापाशी येणार कसे? म्हणजे गैरसोय होणाऱ्या सभासदांचे प्रमाण प्रत्यक्षात तक्त्यात दिसते त्याहून अधिक असण्याची शक्यता आहे. कितीने अधिक, हे या प्रपत्रांवरून सांगता येणार नाही. कोणतीही आकडेमोड हा दोष दुरुस्त करू शकत नाही. प्रपत्रे कोठे, कधी आणि कशी वाटली हे दोन वाक्यांत लिहिणे एवढेच तक्ता करणाऱ्याच्या हाती असते.

उपसमितीच्या अंतिम अहवालातील संबंधित परिच्छेद पुढीलप्रमाणे होता:

"एकूण ८० प्रपत्रे वाटली. त्यांपैकी ५३ परत आली आणि ५० हिशोबात घेतली. वाटलेल्या प्रपत्रांपैकी ६० वाचनालयात सध्याच्या वेळेत देण्यात आली, त्यामुळे या वेळेस न येऊ शकणाऱ्या सभासदांची मते कमी प्रमाणात आली असावीत. सध्याच्या वेळेबाबत श्रेणी देणाऱ्या ४५ सभासदांपैकी २२ जणांना वेळ सोयीची वाटते, १९ जणांना गैरसोयीची वाटते (तक्ता ३). नोकरी-व्यवसाय करणाऱ्या २२ पैकी १६ जणांना ती गैरसोयीची आहे; इतर २३ पैकी १८ जणांना सोयीची आहे (तक्ता ४). सध्याची वेळ बंद न करता आठवड्यातून दोन दिवस सायंकाळी ७ ते ९ वाचनालय उघडे ठेवून पाहावे आणि तीन महिन्यांनी उपस्थितीची नोंद मंडळापुढे ठेवावी, अशी उपसमितीची शिफारस आहे."

या परिच्छेदात 'बहुसंख्य', 'बरेच', 'काहीजण' असे शब्द नाहीत. प्रत्येक विधानापुढे 'किती पैकी किती' आहे आणि कोणता तक्ता पाहावा हेही दिले आहे. शिफारस मात्र तक्त्यातून आपोआप निघालेली नाही. ती उपसमितीने आपल्या विवेकाने केली आहे, म्हणून ती आकड्यांनंतर, वेगळ्या वाक्यात आणि उपसमितीच्या नावाने आली आहे.

शब्दार्थ

प्रपत्र – भरून देण्याचा छापील नमुना
उत्तरदाता – प्रश्नावलीला उत्तर देणारी व्यक्ती
ग्राह्य – स्वीकारण्याजोगे
आधारसंख्या – शेकडा प्रमाण काढताना ज्या संख्येने भागतात ती संख्या
मध्यक – क्रमाने लावलेल्या संख्यांतील मधली संख्या

स्वाध्याय

१. एका वसतिगृहात जेवणाच्या दर्जाविषयी ४० प्रपत्रे हिशोबात घेतली. श्रेणी अशा मिळाल्या: १ – दोघे, २ – सहा जण, ३ – वीस जण, ४ – सहा जण, ५ – दोघे. तिघांनी 'सांगता येत नाही' असे लिहिले आणि एकाने उत्तर दिले नाही. तक्ता ३ च्या नमुन्याप्रमाणे तक्ता तयार करा आणि त्याखाली आधारसंख्या लिहा.

२. वरील उत्तरांची सरासरी काढा. ती वाचनालयाच्या सरासरीच्या अगदी जवळ येते. 'मत मध्यम आहे' हे वाक्य वसतिगृहाच्या अहवालात चालेल, पण वाचनालयाच्या अहवालात चालणार नाही. याचे कारण दोन्ही तक्त्यांच्या आधारे चार-पाच ओळींत स्पष्ट करा.

३. तक्ता २ मध्ये 'एकूण ९३ – १०० टक्के' अशी शेवटची ओळ घालून शेकडा प्रमाण त्यानुसार बदलले, तर वाचकाचा कोणता गैरसमज होईल?

४. वाचनालयाची प्रपत्रे पुन्हा वाटायची झाल्यास ती कशी वाटावीत, याविषयी कार्यवाहांना उपसमितीच्या वतीने पत्र लिहा.

पाठगत प्रश्न १ ची उत्तरे

(अ) ५. (५१ + ४ + ५ = ६०)
(आ) ५० टक्के. (४० उत्तरदात्यांपैकी २०, १०० खुणांपैकी २० हे येथे अभिप्रेत नाही.)